कारण सांगता येणार नाही

सहायक फौजदार ताराचंद नगराळे यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत हजारो जबाब लिहिले होते, आणि त्यांतल्या एकावरही जबाब देणाऱ्याची सही नव्हती. ही त्यांची कसूर नव्हे. कायद्याचीच तशी आज्ञा आहे. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घेऊ नये, कारण पोलीस काय लिहील आणि कशाखाली अंगठा उमटवून घेईल, याचा भरवसा कायद्याला पहिल्यापासून नाही. इंग्रजांनी हा अविश्वास कलमात बांधला. ते गेल्यावर आपण तो दोनदा नव्या पुठ्ठ्यात बांधून घेतला. इतक्या जुन्या, इतक्या चोख अविश्वासाचा धनी होऊनही नगराळे रात्री शांत झोपत असत. माणूस ज्याच्यावर विश्वास ठेवला जात नाही अशा कामात रुळला, की त्याला एक प्रकारची मोकळीक मिळते.

ती मोकळीक एप्रिलातल्या एका सोमवारी संपली. वर्ध्याच्या सत्र न्यायालयाच्या आवारात, चहाच्या टपरीशी, पैरवी हवालदार दुर्गेशने त्यांना गाठले. न्यायालयात पोलिसांच्या बाजूने कागद आणि साक्षीदार सांभाळणे हे दुर्गेशचे काम, आणि आत घडलेले बाहेर रंगवून सांगणे ही त्याची हौस.

"दादा, आज तुमचा नंबर हाय ना? मडावीच्या केसमधी?"

"हो."

"मंग चहा दोन कप घ्या. भागाबाईनं तुमची आठवण काढली होती मागच्या तारखेले."

"काय म्हणली?"

दुर्गेश हसला. "वकिलानं तुमचा जबाब वाचून दाखवला तिले. म्हणे, सरकीच्या ढिगामुळं मारताना दिसलं नाई असं तूच पोलिसाले सांगतलं. तर ते म्हणते कशी, मी नाई सांगतलं. ज्यानं लेहलं त्यालेच विचारा ना, मले काय विचारता! सारं कोर्ट हसलं."

नगराळे हसले नाहीत. चहा तसाच ठेवून ते सरकारी वकिलांच्या खोलीकडे निघाले.

प्रकरण सेलू तालुक्यातल्या एका जिनिंगचे होते. गेल्या वर्षी, संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, तानबा मडावी या मजुराने झाकण नसलेले यंत्र चालवायला नकार दिला. यंत्राने आधीच एकाची दोन बोटे घेतली होती. मालक वासुदेवरावांचा मुलगा धीरज तिथे आला, बोलाचाली झाली, आणि तानबा डोके फुटून ओट्याखाली पडला तो उठलाच नाही. सरकार पक्षाचे म्हणणे, धीरजने लोखंडी पान्याने मारले. बचावाचे म्हणणे, तानबा ओट्यावरून घसरला आणि यंत्राच्या चौकटीवर आदळला. डॉक्टरांचे म्हणणे, दोन्ही शक्य आहे. डॉक्टर असे म्हणाले की खटला डोळ्यांवर येऊन ठरतो, आणि डोळे एकाच माणसाचे होते, तानबाची बायको भागाबाई हिचे. फाटकावरचा पहारेकरी हेमराज धावत आला खरा, पण त्याच्या आणि ओट्याच्या मधे सरकीचा पुरुषभर ढीग होता.

त्या संध्याकाळी नगराळ्यांना ठाणेदारांनी पाच जबाब उरकायला सांगितले. पहिला हेमराजचा झाला. नगराळ्यांनी तो मन लावून टंकला. मग त्यांनी तेच केले जे ते हजार वेळा करत आले होते. पुढच्या साक्षीदारासाठी नवा कागद उघडला नाही. त्याच जबाबाची प्रत काढली, नाव, वय, जात, पत्ता बदलला, आणि समोरचा माणूस बोलत असताना मजकुरात जिथे जरूर वाटली तिथे हात फिरवला. या पद्धतीला ठाण्यात नाव नव्हते. ज्या गोष्टी सगळेच करतात त्यांना नाव लागत नाही.

भागाबाई पाऊण तास बोलली. मधेच गोंडीत गेली, परत आली. नगराळ्यांनी विचारले होते, "बाई, तुले दिसलं का?" तिचे उत्तर त्यांना आजही शब्दाला शब्द आठवत होते: "बाबू, मी ओट्याले टेकून उभी होती. पाना त्याच्या हातात होता. मी पाह्यला." नगराळ्यांनी मान डोलावली. धीरजचे नाव त्यांनी शेवटी घातले, "त्याच्यावर माझा संशय आहे" असे. पण मधला परिच्छेद, आवाज ऐकून धावले, ढिगाच्या आडामुळे प्रत्यक्ष मारताना पाहिले नाही, हा हेमराजचाच राहिला. मोबाइलवर आवाज टिपायची मुभा नव्या कायद्याने दिली होती. मुभाच ती; सक्ती नव्हती. छापून झाल्यावर चूक त्यांच्या ध्यानात आली होती का? आली होती. पुरवणी जबाबात दुरुस्त करू, असे त्यांनी मनाशी म्हटले. नंतर तपास अधिकाऱ्यांनी बाईला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे पाठवले, तिथे तिने पाहिल्याचे शपथेवर सांगितले, आणि ठाणेदार म्हणाले, "आता पुरवणीची काय जरूर? त्याहून मोठा कागद झाला."

सरकारी वकील जया वैरागडे यांच्या टेबलावर आता ते दोन्ही कागद शेजारी शेजारी होते.

"बसा," त्या म्हणाल्या. "काय सांगायचं ते मी तुम्हाला सांगणार नाही. पण काय विचारतील ते तुम्हाला ठाऊक असावं." त्यांनी बोट ठेवले ते नगराळ्यांच्या कागदावर. परिच्छेदाला लाल शाईचा कंस होता आणि समासात 'अ' हे अक्षर. "भागाबाईनं हे सांगितल्याचं नाकारलं. तेव्हा न्यायाधीशांनी त्याला खूण केली. खूण म्हणजे पुरावा नव्हे. ज्यानं लिहिलं त्यानं शपथेवर म्हणायला हवं, की बाईनं हे असंच सांगितलं होतं. तुम्ही हो म्हणालात, की 'अ'ला निशाणीचा नंबर पडतो, आणि बाई खोटी ठरायला सुरुवात होते."

"आणि मॅजिस्ट्रेटसायबाचा कागद? तो तर शपथेवरचा हाय."

"आहे ना. त्यांनी पोलिसांना बाहेर काढलं, दबाव आहे का विचारलं, शपथ दिली, तिच्या शब्दांत लिहिलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. तो कागद मी तिच्या आधाराला वापरू शकते. तिला उलटवायला बचावही वापरू शकतो, आणि त्यांनी वापरलाही. त्यात पान्याचा एकच फटका लिहिलाय. कोर्टात ती दोन म्हणाली. वकिलांनी दाखवलं, तर म्हणाली, 'हो, तो अंगठा माझाच. एक पाह्यला, दुसऱ्याचा आवाज आयकला, मान फिरवली होती.' संपलं. स्वतःचं म्हणणं तिनं ओळखलं, कारणही दिलं." जयाबाईंनी चष्मा काढला. "पण नगराळे, ते दोन्ही कागद म्हणजे पुरावा नाही. पुरावा म्हणजे ती कोर्टात उभी राहून बोलली ते. दंडाधिकाऱ्यांचा कागद तिला टेकू देऊ शकतो किंवा पाडू शकतो. तुमचा कागद टेकू देऊच शकत नाही. त्यात तिच्या बाजूचं सोन्यासारखं काही असतं, तरी मला ते वापरता आलं नसतं. तुमचा कागद तिला फक्त पाडू शकतो."

"मंग मले बोलवताच काऊन?"

"नाही बोलावलं तर ते म्हणतील, आमचं हत्यार लपवलं. न्यायाधीशच तुम्हाला बोलावतील." त्या थांबल्या. "बचावाची सगळी गोष्ट एवढीच आहे: पहिल्या दिवशी दिसलं नाही, सहा दिवसांनी शिकवून नेल्यावर दिसलं."

त्यांनी भागाबाईच्या साक्षीची प्रत पुढे सरकवली. नगराळ्यांनी शेवटचे पान वाचले. दुर्गेशने सांगितलेले वाक्य त्यात कुठेच नव्हते. तिथे होते: 'पोर्शन मार्क अ मधील मजकूर मी पोलिसांना सांगितला नव्हता. तो माझ्या जबाबात का लिहिला आहे याचे कारण मी सांगू शकत नाही.'

हे वाक्य त्यांच्या ओळखीचे होते. या महाराष्ट्रात कुठल्याही न्यायालयात, कुठल्याही साक्षीदाराच्या तोंडी ते असते. साक्षीदार शिक्षक असो की गुराखी, तो याच घडीव मराठीत आपले अज्ञान कबूल करतो. कोणीतरी कधीतरी ते घडवले, आणि तेव्हापासून ते साच्यातून पडते आहे. भागाबाईला कारण सांगता येत होते. तिने ते भर कोर्टात, माणूस दाखवून सांगितले होते. नोंदीत मात्र ती कारण सांगू शकत नव्हती. एका साच्याने तिचे डोळे घेतले, दुसऱ्याने तिचे बोट. आणि ही दोन्ही कामे कोणाच्याही मनात काडीचा द्वेष नसताना झाली, हेच त्यातले सगळ्यात पक्के बांधकाम होते.

बाहेर व्हरांड्यात फोन वाजला. जुने ठाणेदार होते, आता बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले.

"नगराळे, आज साक्ष ना? सरळ बोल. सांगितल्याप्रमाणे लिहिलं, विषय संपला."

"साहेब, बाईनं तसं सांगतलं नव्हतं."

"तुला कसं आठवतं? सव्वा वर्ष झालं!"

"आठवते."

"हे बघ, तू एकदा म्हणालास, की मी दुसऱ्याचा परिच्छेद घातला, की तुझ्या हातचे जबाब ज्या ज्या केसमध्ये आहेत, तिथं तिथं वकील हेच पान फडकवतील. माझ्या, तुझ्या, सगळ्यांच्या. रिटायर व्हायला आठ महिने राहिलेत ना तुझे? चौकशी लागली तर घरी बसून तारखा मोजशील. आणि ती सुटली तर सुटली केस. आपण काय करणार?"

"ती नाई साहेब," नगराळे म्हणाले. "तो सुटंल."

फोन बंद झाला. कोणी बंद केला ते त्यांना कळले नाही.

व्हरांड्याच्या टोकाला, भिंतीला टेकून, भागाबाई बसली होती. तिची साक्ष झाली होती. येण्याची जरूर नव्हती. तरी ती प्रत्येक तारखेला एसटीने यायची. पिशवीत पाण्याची बाटली आणि भाकर. नगराळ्यांना तिने ओळखले. पाहिले आणि पुन्हा समोर पाहू लागली, ओळख दाखवण्याइतके काही घडलेच नाही अशा रीतीने. नगराळ्यांच्या मनात आले, की आपण जवळ जाऊन काही बोलावे. साक्षीपूर्वी साक्षीदाराशी बोललो असे उलटतपासात निघाले तर? हा विचार त्यांना एवढ्या तत्परतेने सुचला, की त्यांना स्वतःचीच किळस आली.

पुकारा झाला. नगराळे आत गेले, टोपी काढली, शपथ घेतली.

जयाबाईंचा सरतपास पाच मिनिटांत झाला: नेमणूक, आदेश, पाच जबाब, स्वतःची सही. मग बचावाचे वकील उठले. योगेंद्र सावजी हे मऊ आवाजाचे गृहस्थ होते. साक्षीदाराला ते नेहमी 'आपण' म्हणत, आणि वर्ध्याच्या वकिलांत अशी म्हण होती, की सावजींनी पाणी विचारले की बूड सांभाळावे. आरोपीच्या पिंजऱ्यात धीरज पांढरा शर्ट घालून उभा होता.

"नगराळेसाहेब, आपला अनुभव मोठा. साक्षीदार जे सांगतो तेच आपण लिहिता?"

"तसं लिहायले पाहिजे."

"आपण स्वतःच्या मनाने काही घालत नाही."

"घालू नये."

सावजींनी भुवई किंचित उचलली. त्यांना हो किंवा नाही हवे होते. त्यांनी कागद दिला. "हा भागाबाईंचा जबाब. सही आपली?"

"माझी."

"पोर्शन मार्क अ वाचा, मनात. वाचलंत? हा मजकूर भागाबाईंनी सांगितल्याप्रमाणेच आपण लिहिलात. बरोबर?"

होकाराला एक अक्षर पुरले असते. लघुलेखिका दिपालीच्या बोटांनी ते आधीच निम्मे टंकले असावे. उत्तर ठरलेले असते, म्हणून हात पुढे धावतो. नगराळ्यांना तिची ती बोटे दिसली, आणि त्यांच्यात स्वतःची दिसली.

"नाई साहेब."

न्यायाधीशांनी वर पाहिले. सावजी तसेच उभे होते, फक्त आवाज आणखी मऊ झाला.

"काय नाही?"

"बाईनं असं सांगतलं नव्हतं. ते म्हणली, मी ओट्याले टेकून उभी होती, मी पाह्यला. हा परिच्छेद तिचा नाई."

"तिने काय सांगितलं ते मी विचारलेलं नाही."

"'काय नाही' म्हणून तुम्हीच विचारलं," न्यायाधीश म्हणाले. "पण साक्षीदार, तिचे शब्द तुमच्या तोंडून पुरावा होत नाहीत. हा मजकूर तिनं सांगितला नव्हता, एवढंच नोंदवतो." दिपालीने खोडले आणि टंकले.

इथे बसले असते तर सावजी शहाणे ठरले असते. पण वीस वर्षांत त्यांना असा साक्षीदार भेटला नव्हता, आणि न ओळखलेल्या प्राण्याला काठीने डिवचून पाहण्याचा मोह शहाण्यालाही होतो.

"मग हा परिच्छेद आभाळातून पडला?"

"हेमराजच्या जबाबातला हाय. तो पह्यले लिहिला, त्याचीच प्रत काढून बाकीचे केले. ढीग हेमराजच्या आड होता, साहेब. बाई ढिगाच्या आतल्या अंगाले होती. हेमराजचा जबाब काढा, शब्दाले शब्द तोच..."

"थांबा," न्यायाधीशांनी हात वर केला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट, कोणाला ऐकू येऊ नये इतका दबलेला खेद होता. "हेमराजचा पोलीस जबाब फक्त हेमराजला उलटवायला उघडता येतो. दुसऱ्या कशासाठी नाही. तो मी पाहू शकत नाही."

म्हणजे आरसा टेबलावर पडलेला होता, आणि त्यात पाहायला मनाई होती. ज्या अविश्वासाने ती मनाई घातली तो अगदी रास्त होता. पुराव्यादाखल नगराळे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभेच होते.

सावजी सावरले. "थोडक्यात, आपल्या शब्दाखेरीज याला काही आधार नाही."

"जागेचा नकाशा हाय. कोण कुठं उभं होतं असं सांगतलं ते सोडा, पण ढीग कुठं होता, ओटा कुठं होता ते त्यात मोजून दाखवलंय."

"मी आपल्याला असं सुचवतो, की सरकार पक्षाची केस कोसळू नये म्हणून आपण आज खोटं बोलत आहात."

"खोटं तवा लिहिलं, साहेब. आज नाई."

न्यायाधीशांनी मजकूर सांगायला सुरुवात केली. दिपालीची बोटे चालू लागली. "'पोर्शन मार्क अ मधील मजकूर भागाबाईने मला सांगितला नव्हता. सदर मजकूर दुसऱ्या साक्षीदाराच्या जबाबातून नजरचुकीने...'"

जयाबाईंनी श्वास सोडला. नजरचूक. त्या एका शब्दात सगळे बसत होते: बाई खरी राहत होती, नगराळ्यांना फार तर ताकीद मिळाली असती, तपासावरही फारसा डाग नव्हता. साचा आपल्या माणसाला सांभाळून घ्यायला पुढे झाला होता, जसा तो नेहमी होतो. जो साचा भागाबाईला गिळून गेला, तोच आता नगराळ्यांपुढे उशी ठेवत होता.

"साहेब," नगराळे म्हणाले, "नजरचूक नव्हती."

"मग?"

"छापल्यावर मले दिसलं होतं. तरी राहू दिलं. आमी असंच करतो. सवय हाय."

जयाबाईंनी डोळे मिटले. सावजींच्या ओठावर, पहिल्यांदाच, एक बारीक हसू आले. 'अ' हातचा गेला होता, पण युक्तिवादाला आता 'सवय' मिळाली होती. ज्या ठाण्यात जबाब सवयीने बनतात त्या ठाण्याचा पाना तरी खरा कशावरून, त्यावरचे रक्त तरी खरे कशावरून? भागाबाईचे डोळे परत मिळाले आणि त्याच घासात बाकीचा तपास वाळवीने धरला.

"हा शब्द नोंदवू? विचार करा," न्यायाधीश म्हणाले. "या उत्तराचे परिणाम तुम्हाला भोगावे लागतील."

"नोंदवा."

दिपालीने 'नजरचुकीने' खोडले. नगराळ्यांना साक्ष वाचून दाखवण्यात आली. त्यांनी ती ऐकली नाही, हातात मागून घेतली आणि ओळीवर बोट ठेवून वाचली. मग सही केली. एकतीस वर्षांत हजारो माणसांना जे त्यांनी करू दिले नव्हते, ते त्यांनी स्वतःसाठी पुरे चार मिनिटे घेऊन केले.

बाहेर दुर्गेश दारातच उभा होता. या वेळी त्याच्याकडे सांगायला गोष्ट होती, पण ऐकायला माणूस चुकीचा होता. "दादा," तो एवढेच म्हणाला, "जुन्या ठाणेदारसायबाचे तीन फोन येऊन गेले माह्यावर, तुमाले विचारत."

नगराळे व्हरांड्याच्या टोकाशी गेले. भागाबाई पिशवी आवरत होती.

"बाई, सांगतलं मी आत. तुमी तसं म्हणल्या नव्हत्या म्हणून."

तिने त्यांच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर आभार नव्हते. ते असावेत अशी अपेक्षा करण्याचा उर्मटपणा नगराळ्यांकडून क्षणभर झाला होता, हे त्यांचे त्यांना कळले.

"मले ठाऊकच होतं मी काय म्हणली ते," ती म्हणाली. "तुमाले आज कळलं काय?"

"तवाच कळलं होतं."

"मंग तवा काऊन नाई?"

त्याचे कारण त्यांनी आत शपथेवर सांगितले होते. सही केली होती. तीन अक्षरी होते ते, आणि आता एका साक्षीच्या कागदावर काळ्या शाईत उमटलेले होते. इथे, तिच्यासमोर, ते उच्चारायला त्यांनी तोंड उघडले, आणि ते त्यांना बोलता येईना.

भागाबाईने बाटली पिशवीत घातली.

"पुढली तारीख कवा हाय तेवढं तरी सांगा," ती म्हणाली, "माही सेलूची गाडी सुटून राह्यली."

नगराळे तारीख विचारायला पुन्हा आत गेले.